मदत हवी आहे: एजन्सी करारात मी ‘एक्सक्लुझिव्ह’, पण थेट विक्रीचा हक्क कंपनीकडे. सही करू का?

नवखा_एजंट
पॅकिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीची विक्री एजन्सी घेतोय. माल मी विकत घेणार नाही. गिऱ्हाईक शोधायचं, कोटेशन पोहोचवायचं, ऑर्डर मात्र कंपनीच्या नावावर. पहिल्या भेटीपासून ऑर्डर हातात पडेपर्यंत 4 ते 6 महिने सहज जातात. मसुद्यातली तीन कलमं अशी आहेत:

कलम 4: एजंटला बिलाच्या निव्वळ रकमेवर 5 टक्के कमिशन, गिऱ्हाइकाचे पैसे जमा झाल्यावर देय.
कलम 6: एजंट हा ठरलेल्या भागासाठी एक्सक्लुझिव्ह एजंट राहील. मात्र कंपनी कोणत्याही गिऱ्हाइकाला थेट विकू शकेल.
कलम 11: कोणीही 30 दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकेल. त्यानंतर निघालेल्या बिलांवर कमिशन देय राहणार नाही.

30 दिवस दोघांनाही सारखेच आहेत, म्हणजे कलम 11 बरोबरीचंच झालं ना?

गोडाउनवाला
उधारी किती दिवसांची मिळते ते आधी बघा. आणि करार तुटला की शिल्लक माल कंपनीने खरेदीच्या भावात परत घ्यायचा, हे लिहून घ्याच. माझं तिथेच अडलंय. अर्धं गोडाउन जुन्या मॉडेलच्या सुट्या भागांनी भरलंय आणि कंपनी ‘बघू’ म्हणतेय.

नवखा_एजंट
माझ्याकडे माल येणारच नाही हो, फक्त कमिशन.

शाईचा_डाग
गोडाउनवाले, तुमचं प्रकरण वितरकाचं आहे. तिथे पैसा मालात अडकतो. एजंटाचा अडकतो तो आधीच करून झालेल्या कामात, म्हणून यांच्या मसुद्यात कलम 11 सगळ्यात महाग आहे.

नवखा, 30 दिवस कागदावर सारखे दिसतात, पण तुमचं काम पिकायला 6 महिने लागतात. समजा, 1 मार्चला नोटीस आली आणि 31 मार्चला करार संपला. तेव्हा तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. पहिल्या गिऱ्हाइकाने 10 फेब्रुवारीला 12 लाखांची ऑर्डर दिली, मशीन मे महिन्यात जाणार, बिलही तेव्हाच. दुसऱ्याला तुम्ही जानेवारीत कोटेशन दिलं, दोनदा मशीन चालवून दाखवलं, त्याची 20 लाखांची ऑर्डर 20 एप्रिलला येते. तिसरा तुम्हीच आणलेला, दरमहा 1 लाखाचे सुटे भाग घेतो.

कलम 11 प्रमाणे तिन्हींवर शून्य. पहिल्याची तर ऑर्डरसुद्धा करार चालू असतानाची आहे, पण कलम ऑर्डरची तारीख बघतच नाही, बिलाची बघते. आणि बिल कधी काढायचं हे कंपनीच्या हातात!

म्हणून ‘बिल’ हा शब्द काढा आणि दोन वाक्यं घाला. एक: करार संपण्याआधी कंपनीने स्वीकारलेल्या ऑर्डरवर पूर्ण कमिशन, माल आणि पैसे केव्हाही येवोत. दोन: करार संपल्यावर 6 महिन्यांत आलेल्या ऑर्डरवरही पूर्ण कमिशन, गिऱ्हाईक ‘चालू चौकशी’च्या यादीत असेल तर. पैसे वसूल झाल्यावरच कमिशन, ही अट दोन्हींना राहू द्या, ती रास्त आहे. आता पहिल्यावर 60 हजार आणि दुसऱ्यावर 1 लाख मिळतात.

तिसऱ्याचं अवघड आहे. सुट्या भागांवर कायम कमिशन कोणी देत नाही. 6 महिने अर्ध्या दराने मागा, म्हणजे 15 हजार होतील. सोडायची वेळ आली तर हेच सोडा.

यादी मात्र शेवटच्या दिवशी करू नका. नोटीस मिळाल्यावर ओळखीतले सगळेच यादीत घातले की कंपनी अख्खी यादीच नाकारते. दर महिन्याला ईमेलने पाठवा: गिऱ्हाईक, मशीन, कोटेशन क्रमांक, शेवटच्या भेटीची तारीख. 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर नोंद मान्य, असं करारातच लिहा.

हक्काचं_बोला
एवढी मारामारी कशाला? करार तुटला की एजंटला एका वर्षाचं सरासरी कमिशन भरपाई मिळतेच. आणि तिसऱ्या वर्षापासून नोटीसही 3 महिन्यांची. कायदाच आहे.

शाईचा_डाग
आहे, पण युरोपीय संघाचा. 1986 च्या निर्देशात पहिल्या वर्षी 1, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्यापासून 3 महिने ही किमान नोटीस आहे. वर्षाचं सरासरी कमिशन ही मात्र भरपाईची कमाल मर्यादा, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. तुम्ही आणलेल्या गिऱ्हाइकांपासून कंपनीला पुढेही भरीव फायदा होत राहणार हे दाखवावं लागतं, आणि करार संपल्यापासून वर्षाच्या आत मागणी कळवली नाही तर हक्क जातो. उलट 1872 चा भारतीय करार कायदा फक्त ‘वाजवी नोटीस’ म्हणतो, दिवस सांगत नाही. त्यामुळे कोणत्या देशाचा कायदा लागू हे कलम आधी वाचा. ते बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असतं.

नवखा_एजंट
ते बघतो. कलम 6 चं काय? ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हटल्यावर कंपनीही विकू शकत नाही ना?

शाईचा_डाग
नुसता शब्द असता तर तसं म्हणता आलं असतं, पण पुढच्याच वाक्याने तो पोकळ केलाय. उरलं काय? दुसरा एजंट नेमणार नाही, एवढंच. थेट विक्री थांबवा म्हणून भांडू नका, कारण मोठी गिऱ्हाइकं कारखान्याशीच बोलतात. ‘भागातल्या प्रत्येक विक्रीवर कमिशन, ऑर्डर कोणाकडूनही येवो’ असं मागा. कंपनीची जुनी गिऱ्हाइकं वगळायची असतील तर त्यांची नावं आजच परिशिष्टात येऊ द्या. नंतर भर घालता येणार नाही, असं स्पष्ट लिहा.

टार्गेटचं कलम आहे का?

नवखा_एजंट
आहे. कलम 9: वर्षाला 8 मशीन, कमी पडल्यास तो करारभंग.

शाईचा_डाग
मग खरा सापळा हा आहे. करारभंग ठरला की सहसा नोटीसही लागत नाही आणि मागचं कमिशनही बुडतं. तुमच्या मसुद्यात भंगाचे परिणाम कुठे लिहिलेत ते शोधा. टार्गेट चुकलं तर फक्त एक्सक्लुझिव्हपणा जाईल, करार आणि मिळवलेलं कमिशन राहील, असं बदलून घ्या. डिलिव्हरी कंपनीमुळे लांबली किंवा तुम्ही आणलेली ऑर्डर तिने नाकारली, तर ते मशीन टार्गेटमध्ये धरायचं. इतर भंगांसाठी लेखी कळवून 30 दिवस सुधारणेला.

हक्काचं_बोला
‘निव्वळ’ म्हणजे काय वजा करून, तेही विचारा. वाहतूक आणि कर वजा करणं ठीक. पण कंपनीने स्वतःच्या मनाने नंतर दिलेली सूट तुमच्या कमिशनमधून का जावी?

शाईचा_डाग
हे बरोबर. माल परत आला तर कमिशनही परत, पण दोष कंपनीचा असेल तर नाही. आणि दर तीन महिन्यांनी बिलवार हिशेब मागा, नाहीतर थेट विक्री झाली हे तुम्हाला कळणारच नाही.

नवखा_एजंट
आज बोलणं झालं. आधीच्या ऑर्डरचं मान्य. 6 महिन्यांऐवजी 4 म्हणतात. टार्गेटचं मान्य. थेट विक्रीवर अर्धं कमिशन, म्हणजे अडीच टक्के. पण गिऱ्हाइकाचं मुख्य कार्यालय दुसऱ्या एजंटच्या भागात आणि मशीन माझ्या भागात बसणार, तर कोणाला, यावर ‘तेव्हाचं तेव्हा’ म्हणाले.

शाईचा_डाग
अडीच टक्के घ्या. 4 महिने नको, तुमचा माल पिकायलाच 6 लागतात. दोन भागांच्या भांडणात मी मशीन बसेल त्या जागेकडे झुकेन, कारण नंतरची धावपळ तिथल्या एजंटाची.

हक्काचं_बोला
मी नाही. खरेदीचा निर्णय जिथे होतो तिथे विक्री होते. मशीन उतरवून घेणाऱ्याला विक्रीचं कमिशन कसलं?

शाईचा_डाग
तेही खोटं नाही. निम्मं-निम्मं लिहून घ्या. फक्त ‘तेव्हाचं तेव्हा’ वर सही करू नका.