मदत हवी आहे: पेशंट पडल्याचा इन्सिडेंट रिपोर्ट कसा लिहू?

रात्रपाळी_सिस्टर:
नागपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. परवा रात्री माझ्या ड्युटीत हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसऱ्या दिवसाचा पेशंट, वय ६८, बेडशेजारी खाली सापडला. खुब्याचं हाड मोडलंय. मुलगी वकिलाकडे जायचं म्हणते. उद्या सकाळी रिपोर्ट द्यायचाय. कच्च्या कागदावर असं लिहिलंय, अजून सही केली नाही:

"रात्री तीनच्या सुमारास पेशंट बाथरूमला जायला उठला आणि झोपेच्या गोळीमुळे चक्कर येऊन पडला. माझ्या निष्काळजीपणामुळे साईड रेल लावायची राहून गेली."

मला काही लपवायचं नाही. पण हे कोर्टात वाचलं गेलं तर काय होईल, या विचाराने दोन दिवस झोप नाही.

इतवारीकर:
ताई, घाबरू नका. इन्सिडेंट रिपोर्ट हॉस्पिटलचा आतला कागद असतो, तो कोर्टात जातच नाही. आणि रेलचा विषयच काढू नका. "पेशंट खाली आढळला", बस.

सावनेरचा_भाऊ:
माझ्यासोबत हेच झालं होतं. गाडीच्या क्लेम फॉर्मवर "चूक माझीच" लिहून बसलो, मग समोरच्या पार्टीने तोच कागद धरून ठेवला. तुम्ही इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या ना आधी.

काळाकोट:
सावनेरचे भाऊ, इथे प्रश्न क्लेमचा नाही, पण तुमचा अनुभव मुद्द्याला धरून आहे.

इतवारीकर, "आढळला" हा शब्द बरोबर आहे, बाकीचं नाही. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे ते या फॉर्मला आपोआप मिळत नाही. ग्राहक आयोग कागद मागवू शकतं. आणि रेल खाली होती हे गाळलं, पण मावशीने किंवा मुलीने ती पाहिली असेल, तर उलटतपासणीत सिस्टरच्या बाकीच्या खऱ्या ओळीही खोट्या ठरतात.

सिस्टर, आधी हे सांगा: त्यांना पडताना तुम्ही पाहिलं का? बाथरूमला जात होते हे कुणी सांगितलं?

रात्रपाळी_सिस्टर:
नाही पाहिलं. आवाज आला म्हणून धावले, तेव्हा ३:१० झाले होते. बाथरूमचं मीच धरून चालले, बेडपॅन मागायचे म्हणून. डावी रेल खाली होती. १:३० च्या राउंडला दोन्ही वर केल्याचं नर्सेस नोट्समध्ये माझ्याच अक्षरात आहे. मध्ये कुणी खाली केली माहीत नाही. पण माझ्या पेशंटचं हाड मोडलं, म्हणून "माझीच चूक" असं लिहिलं गेलं.

काळाकोट:
म्हणजे तुमच्या दोन ओळींतलं तुम्ही स्वतः पाहिलेलं जवळपास काहीच नाही. उठला, गोळी, चक्कर, सगळा अंदाज. अन् "राहून गेली" तर तुमच्याच नोंदीच्या उलट आहे. "निष्काळजीपणा" हा शब्द तर आयोगाने पुरावे बघून ठरवायचा असतो. तुम्ही आधीच लिहून दिला, तर समोरचा वकील तो कबुली म्हणून वाचतो. भारतीय साक्ष्य अधिनियमात कबुली हा अंतिम पुरावा मानलेला नाही, पण ती चुकीची कशी हे मग तुम्हालाच सांगत बसावं लागतं.

मी असं लिहिलं असतं:

"३:१० वाजता आवाज ऐकून खोलीत गेले. पेशंट बेडच्या डाव्या बाजूला जमिनीवर, उजव्या कुशीवर आढळला. पडताना मी पाहिले नाही. डावी रेल खाली, उजवी वर होती. १:३० च्या राउंडला दोन्ही रेल वर केल्याची नोंद आहे. पेशंट शुद्धीवर होता, उजवा खुबा दुखतो म्हणाला."

त्याखाली नाडी, बीपी, आरएमओला किती वाजता कळवलं, ते किती वाजता आले. झोपेची गोळी दिली असेल तर नाव, डोस आणि वेळ लिहा, परिणाम लिहू नका. पेशंट किंवा मुलगी काही बोलली असेल तर त्यांचेच शब्द अवतरणात.

१:३० ला रेल लावलीच नसती, तर तेही "लावली नव्हती" असं सरळ लिहा म्हटलं असतं. केलं, नाही केलं, हे तुम्ही सांगायचं. त्याला नाव कोर्ट देईल.

मेट्रन_निवृत्त:
वकीलसाहेबांशी सहमत. एक भर घालते. सही न केलेला कच्चा कागद बदललास तर हरकत नाही, पण केस पेपरमधल्या जुन्या नोंदीला हात लावू नकोस. खाडाखोड नको, व्हाइटनर तर मुळीच नको. काही राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून "उशिरा केलेली नोंद" म्हणून खाली लिही.

रात्रपाळी_सिस्टर:
आत्ता बसून पुन्हा लिहिते. पण फॉर्मच्या शेवटी "घटनेचे कारण व पुन्हा घडू नये म्हणून उपाय" असा रकाना आहे. इन्चार्ज म्हणतात, रिकामा चालणार नाही.

काळाकोट:
तिथे "कारण चौकशीत ठरेल" लिहा आणि त्या रात्री नंतर काय केलं ते लिहा.

मेट्रन_निवृत्त:
इथे मात्र माझं जुळत नाही. कारणाचा रकाना असाच सोडला, तर पुढच्या महिन्यात त्याच वॉर्डात दुसरा पेशंट पडतो. कमिटीला काहीतरी हवंच.

काळाकोट:
कमिटीने स्वतंत्र बसून लिहावं. रात्री तीनला एकट्या असलेल्या सिस्टरकडून नको.

मेट्रन_निवृत्त:
आमच्याकडे कमिटी महिन्यातून एकदा बसायची. तोवर कोण थांबणार?