अपघात बेळगावात, घर चंदगडला: दावा कुठे आणि किती?

> पायी चाललेल्या भावाला बेळगावात कारने उडवलं, तो गेला. आम्ही चंदगडचे. दावा कुठे करायचा, किती मिळेल?

तुमच्या दुःखात सहभागी आहे. दावा दोन्हीकडे चालतो: अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. माझं मत बेळगावचं. पोलीस, पंच, साक्षीदार तिथले आहेत आणि कागद कानडीत. कोल्हापूर जिल्ह्यात दावा केला तर त्यांची भाषांतरं करून घ्यावी लागतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, म्हणून आरोपपत्राची वाट पाहत बसू नका. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा.

रक्कम कशी निघते ते पाहा. समजा भाऊ ३५ वर्षांचा गवंडी, महिन्याला १५,००० कमावणारा. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,०००. मागे बायको, दोन मुलं, आई असे चार अवलंबून, तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक १६, म्हणजे ३०,२४,०००. अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

खरी ओढाताण त्या १५,००० वर होते. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि महिन्याला हजार कमी धरले तरी वरच्या हिशोबात दोन लाखांहून जास्त जातात. त्यामुळे ज्या ठेकेदाराकडे तो कामाला जायचा त्याला साक्षीला आणा, बँकेचं पासबुक जोडा. तडजोडीच्या कोऱ्या कागदावर वहिनींची सही मात्र कुणालाही घेऊ देऊ नका.