मदत हवी आहे: तापमानाचा तक्ता गेला, आलेख शिल्लक. पितळेची विशिष्ट उष्मा निघेल का?

म्हापशेकर_११वी: पावसात जर्नल भिजलं, तापमानाच्या तक्त्याची शाई पसरली. वजनं वाचता येतात: पितळेचा गोळा ११० ग्रॅम, तांब्याचा कॅलरीमीटर ढवळणीसह ६० ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम. गोळा उकळत्या पाण्यातून काढून कॅलरीमीटरमध्ये टाकला होता. वेळ-तापमानाचा आलेख पेन्सिलीचा, म्हणून वाचला. सोमवारी जर्नल द्यायचं आहे.

फोंड्याचा_पाटो: सोपं आहे. पितळेची किंमत ०.३८ धर, उलटं गणित करून तापमानं काढ नि तक्ता भर.

सुलभाताई_मडगाव: पाटो, समीकरण जुळेल, पण जे शोधायचं तेच आधी घातलं तर उत्तर ०.३८ च येणार. तो तक्ता खोटा होईल.

बाळा, आलेखावरूनच काढ. एक सांभाळ: भिजून वाळलेला कागद आकसतो, म्हणून पट्टीने मोजू नकोस, छापील चौकोन मोज. टाकण्याआधीची रेषा किती अंशांवर आहे? नंतर सर्वांत वरचा बिंदू कुठे, आणि पुढची उतरण किती?

म्हापशेकर_११वी: आधी २८.०. टाकल्यावर दीड मिनिटाने ३४.०, मग मिनिटाला ०.२ ने खाली.

सुलभाताई_मडगाव: छान. वर चढतानाही उष्णता बाहेर जातच होती, म्हणून ३४.० हे थोडं कमी आहे. उतरणीची रेषा मागे वाढव, पण शून्य मिनिटापर्यंत नाही. चढ साधारण सरळ असेल तर निम्म्या वेळेपर्यंत, म्हणजे पाऊण मिनिटापर्यंत. तिथे ३४.१५ येईल.

पाणी नि कॅलरीमीटर मिळून प्रत्येक अंशाला १०० × ४.१८ + ६० × ०.३८५, म्हणजे सुमारे ४४१ ज्यूल घेतात. ते ६.१५ अंशांनी तापले, आणि गोळा १०० वरून ६५.८५ अंशांनी निवला. म्हणून

```
c = 441 × 6.15 / (110 × 65.85) = 0.374
```

दुरुस्तीविना ०.३६४ आलं असतं. आलेखावर ०.१ अंश इकडेतिकडे वाचलं गेलं तरी सहा अंशांच्या चढात दीडेक टक्का जातो, तेव्हा उत्तर ०.३७ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश असंच लिही.

पेडणे_बॅकबेंच: माझा तर आलेखही गेला, फक्त वजनं आहेत. मलाही हेच चालेल ना?

सुलभाताई_मडगाव: नाही रे. सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान दोन्ही अज्ञात, समीकरण एकच. प्रयोग पुन्हा कर.

फोंड्याचा_पाटो: पण गोळ्याचं १०० तरी धरलेलंच ना? आमच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर ९८ च दाखवतो.

सुलभाताई_मडगाव: हा मुद्दा बरोबर. दोन अंश कमी धरले तर उत्तर तीन टक्क्यांनी वाढतं, ०.३८६ पर्यंत. किनाऱ्यालगत उकळतं पाणी १०० च्या आसपास असतं, पण गोळा खरंच तितका तापला होता का, आणि टाकेपर्यंत किती निवला, हे आलेख सांगत नाही. जर्नलात ‘१०० गृहीत धरलं’ असं स्पष्ट लिही.

म्हापशेकर_११वी: लिहितो. तक्त्याच्या जागी आलेखावरून वाचलेले आकडे चालतील का, हे मात्र सरांनाच विचारावं लागेल.