मदत हवी आहे: स्कॅनमधल्या जोडलेल्या कप्प्यांचा मूळ संदर्भ कसा ठेवायचा?

स्कॅन केलेले तक्ते स्प्रेडशीटमध्ये उतरवतोय. प्रत्येक ओळीला `src_page` आणि `src_row` असे दोन स्तंभ जोडलेत. पानाचा क्रमांक छापील न घेता इमेज फाइलचा घेतला, कारण मुखपृष्ठामुळे दोन्ही जुळत नाहीत. ओळ मथळा सोडून वरून मोजली आणि आकडा थेट टाइप केला. `=ROW()` वापरलं असतं तर सॉर्ट करताच सगळे संदर्भ बदलले असते.

इथपर्यंत ठीक. अडचण जोडलेल्या कप्प्यांची आहे. समजा पान 14 वर विभागाचं नाव ओळ 5 समोर एकदाच छापलंय आणि ते 9 पर्यंत लागू आहे. मी ते खाली भरून घेतलं. आता ओळ 8 चा संदर्भ 14/8 दाखवतो, पण तिथे इमेजमध्ये विभागाचा कप्पा रिकामाच! तपासणाऱ्याला वाटेल, नाव मनानेच घातलंय. गट पुढच्या पानावर गेला की आणखी गोंधळ, कारण नाव मागच्या पानावर राहतं.

फक्त विभागासाठी `dept_src` असा वेगळा स्तंभ करून त्यात 14/5 लिहावं, की प्रत्येक कप्प्याची स्वतंत्र ओळ करून लांब तक्ता बनवावा? दुसरा मार्ग नेमका वाटतो, पण डोळ्यांनी तपासायला फार किचकट. असे तक्ते कुणी हाताळले असतील तर काय केलंत?