पगारवाढ झाली की मित्रांच्या बरोबरीने राहणीमान वाढवायचं का?

शांतप्रवाह (धागाकर्ता)
आम्ही सगळे एकाच वर्षी नोकरीला लागलो, पगारही साधारण सारखेच. मी मिळकतीतले तीस टक्के बाजूला टाकते आणि त्याबद्दल कुणाशी बोलत नाही. फोन उघडला की कुणाची नवी गाडी, कुणाचा परदेश दौरा, कुणाचं नवं घर. आपणच मागे पडलोय असं वाटत राहतं. पुढच्या महिन्यात पगार वाढणार आहे. यावेळी थोडं सैल सोडावं की आहे तसंच चालू ठेवावं? गप्प राहून बचत करणं हा शहाणपणा आहे की नुसता हट्ट?

भटक्या७
सैल सोडा. तरुणपण परत येत नाही. साठीनंतर गुडघे धरून डोंगर चढणार आहात का? मी दरवर्षी फिरतो, फोटोही टाकतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. प्रत्येक खर्च दाखवण्यासाठीच असतो असं धरून चालणं हा बचत करणाऱ्यांचा अहंकार आहे.

रोखठोक
हे सगळे कर्जात बुडालेले असतात हो. गाडी हप्त्यावर, फोन हप्त्यावर, दौरासुद्धा कार्डावर. पाच वर्षांनी बघा, रडत येतील. तुम्ही तुमचं चालू ठेवा.

कोरा_कागद
रोखठोक, तुमचं निम्मं बरोबर आहे. हप्ता फोटोत दिसत नाही हे खरंच. पण कुणाला घरून मदत असते, कुणाच्या घरात दोन पगार येतात, कुणी खरोखर रोख पैसे देतं. आपल्याला बाहेरून यातलं काहीच कळत नाही. आणि 'ते बुडणार आहेत' या आशेवर बचत केली, तर ते बुडाले नाहीत त्या दिवशी तुमचं बळही जाईल.

शांतप्रवाह, आधी 'मागे पडल्याची' भावना कुठून येते ते बघू. समजा तुमच्या ओळखीचे चाळीस जण आहेत आणि प्रत्येक जण वर्षातून एकच मोठा खर्च करतो. ३६५ भागिले ४० केलं की साधारण नऊ दिवस येतात. म्हणजे दर नऊ दिवसांनी तुमच्यासमोर कुणाचा तरी मोठा खर्च येणार. त्यांच्यातला कुणीही उधळ्या नाही, तरी तुमच्या डोळ्यांना अखंड उधळण दिसते. तुम्ही स्वतःच्या एका वर्षाची तुलना चाळीस जणांच्या बेरजेशी करता आहात. शिवाय ज्यांनी काही घेतलं नाही, ते 'यंदा काही घेतलं नाही' असा फोटो टाकत नाहीत.

आता पैशांकडे. किती जमलं यापेक्षा ते किती महिने पुरेल हे मोजा. वर्षाची मिळकत १०० धरा, खर्च ७०, बचत ३०. दहा वर्षांत व्याज न धरता ३०० जमले. सत्तरच्या खर्चाला ते जवळपास ५१ महिने पुरतात. तुमच्याइतकाच पगार असलेला दुसरा कुणी ९० खर्च करून १० वाचवतो. त्याचे १०० जमले, आणि नव्वदच्या खर्चाला ते १३ महिने पुरतात. बचत तिप्पट, पण मोकळीक जवळपास चौपट, कारण तुमची गरजही लहान आहे.

आता तुमची मिळकत ११० झाली आणि वाढलेले दहाही राहणीमानात गेले, तर खर्च ८० झाला. खात्यातला एक पैसाही हलला नाही, तरी तेच ३०० आता ४५ महिनेच पुरतील. पगार वाढला आणि सहा महिने हातातून गेले.

भटक्या७
हिशेब छान आहे, पण तुम्ही महागाई सोडलीत. वाढीतला मोठा भाग ती आधीच खाते. मग 'सगळी वाढ बचतीत टाका' म्हणजे माणसाने दरवर्षी आणखी आखडून जगायचं का?

कोरा_कागद
रास्त मुद्दा. महागाई सहा टक्के धरली तर सत्तरचा तोच खर्च ७४.२ होतो. दहाच्या वाढीतले ४.२ तिथेच गेले. खरी वाढ ५.८. वाटणी तेवढ्याचीच करायची. निम्मी राहणीमानाला आणि निम्मी बचतीला दिली, तर प्रत्येकी २.९ येतात. यात कुणाची उपासमार नाही.

फक्त ही वाटणी वाढलेला पगार हातात येण्याआधी ठरवा आणि पगाराच्या दिवशी आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. थेलर आणि बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एका कंपनीतल्या कामगारांवरचा प्रयोग मांडला होता. पुढच्या पगारवाढीतला भाग बचतीला द्यायचं कामगारांनी आधीच कबूल केलं होतं. त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या थोडी वर गेली. जे अजून हातात आलेलंच नाही, ते सोडताना माणसाला दुखत नाही. एकदा नवा हप्ता सुरू झाला की ही संधी गेली, कारण हप्ता पुढच्या कित्येक वाढी आधीच बांधून टाकतो.

गृहलक्ष्मी_न
हे पैसे कुठल्या फंडात टाकायचे ते कुणी सांगेल का? शांतप्रवाह, तुम्ही सध्या कुठे गुंतवता?

शांतप्रवाह
ताई, कुठे गुंतवायचं हा माझा प्रश्न नव्हता. वाढलेल्या पगाराचं काय करायचं आणि हे मनातलं कुरतडणं कसं थांबवायचं, एवढंच विचारत होते.

निळाई
मला 'गप्प राहणं' या भागाबद्दल बोलायचंय. माझ्याकडे शिल्लक आहे हे एकदा गप्पांमध्ये निघालं. त्यानंतर दोन नातेवाइकांनी उसने मागितले, एकाने अजून परत केलेले नाहीत आणि आमचं बोलणंही तुटलं. तेव्हापासून आकडा कुणालाच सांगत नाही. पण नवऱ्यापासूनही लपवून चालत नाही. आमच्या घरी तो खर्च सुचवायचा आणि मी कारण न सांगता नाही म्हणायचे, त्यामुळे त्याला मी नुसती कंजूष वाटायचे. आम्ही दोघांनी एकदा बसून 'किती महिने पुरेल' असाच हिशेब केला, तेव्हा वाद पुष्कळ कमी झाला. बाहेर गप्प आणि घरात उघड, असं मला वाटतं.

रोखठोक
सरळ ॲप काढून टाका. दिसणार नाही, वाटणार नाही.

कोरा_कागद
त्याने ओघ कमी होईल, तुलना संपेल असं नाही. कॅनडात लॉटरी लागलेल्यांच्या शेजाऱ्यांचा अभ्यास झाला आहे, २०२० मध्ये छापून आला. बक्षीस जितकं मोठं, तितकं शेजाऱ्यांचं कर्ज आणि दिवाळखोरी वाढलेली आढळली. दिवाळखोर झालेल्यांकडे घर-गाडी अशा चारचौघांत दिसणाऱ्या वस्तू जास्त होत्या. रोकड आणि पेन्शन तशी वाढलेली नव्हती. यात फोनचा काही संबंध नव्हता, शेजार पुरला.

ॲप ठेवा, पण ज्यांच्या पोस्टखाली खरेदीचा दुवा असतो अशी खाती बंद करा. ती मैत्री नाही, जाहिरात आहे. आणि फोनमध्ये जतन केलेलं कार्ड काढा. प्रत्येक वेळी आकडे भरावे लागले की बराच मोह तिथेच गळतो.

भटक्या७
एवढं मान्य. पण एक सांगा, दर महिन्याला 'माझे किती महिने झाले' हे मोजत बसणं ही तुलनाच नाही का? मित्राची गाडी बघण्याऐवजी स्वतःचा आकडा बघायचा, एवढाच फरक. आणि मित्रांनी सहलीला बोलावलं की दरवेळी नाही म्हटलं, तर तीन वर्षांनी बोलावणंच बंद होतं. ते कुठल्या हिशेबात धरायचं?

कोरा_कागद
आकडा वर्षातून एकदाच बघावा, पगारवाढीच्या वेळी. सहलीच्या प्रश्नाला माझ्याकडे सूत्र नाही. माझं मत एवढंच की राहणीमानाच्या वाट्यातले ते २.९ वस्तूंपेक्षा माणसांवर आधी जावेत.

शांतप्रवाह
बँकेला सूचना आजच देते, वाढ यायच्या आधी. निम्मी-निम्मी वाटणी पटली. दोन खाती बंद केली, तिसरं जवळच्या मैत्रिणीचं आहे, तीही आता वस्तूंचे दुवे टाकू लागली आहे. तिचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये.

निळाई
बंद करू नका, तिच्याशी फोनवर बोला. माझ्या एका मैत्रिणीने मला नंतर सांगितलं होतं की तिला त्या पोस्टचे पैसे मिळतात आणि वस्तू परत पाठवायच्या असतात.