होडीवरच्या झेनर रेग्युलेटरसाठी सिरीज रेझिस्टर किती ठेवू? मदत हवी आहे

हर्णैला आमच्या होडीत तळाला पाणी साचलं की अलार्म देणारं छोटं सर्किट बसवलंय. त्याला ५.१ व्होल्ट लागतात. एरवी ते १० मिलिअँपिअर घेतं, अलार्म वाजताना ४०. बॅटरी १२ व्होल्टची आहे. इंजिन बंद असताना ती ११.६ पर्यंत उतरते, चालू असताना १४.४ दाखवते. झेनर 1N4733A, १ वॅटचा.

आधी २२० ओहम लावला होता. इंजिन चालू असताना नीट चालायचं, पण बंद केल्यावर अलार्मचा एकच बीप यायचा आणि सर्किट रीसेट व्हायचं. हिशोब केल्यावर कळलं, ११.६ व्होल्टला त्या रेझिस्टरमधून जेमतेम २९.५ मिलिअँपिअर येतात, म्हणजे झेनरच्या वाट्याला काहीच उरत नाही.

आता कमीत कमी व्होल्टेज आणि जास्तीत जास्त लोड धरून, झेनरला ५ मिलिअँपिअर राखले:

```
R = (11.6 - 5.1) / (0.040 + 0.005) = 144 ओहम
```

जवळचा १२० ओहम घेतला, तर अलार्म वाजतानाही झेनरला १४ मिळतात. उलट टोकाला, १४.४ व्होल्टला लोडची वायर सुटली, तर सगळे ७७.५ झेनरमधून जातील, म्हणजे सुमारे ०.४ वॅट. रेझिस्टरवर ०.७२ वॅट पडतात, म्हणून तो २ वॅटचा घेणार आहे.

7805 रत्नागिरीला गेल्याशिवाय मिळणार नाही, म्हणून झेनरवरच भागवायचंय. खाऱ्या हवेमुळे डबा पूर्ण बंद आहे, इंजिनाशेजारी चांगलाच तापतो.

अशा डब्यात ०.४ वॅट या झेनरला झेपतील का? आणि ५.१ व्होल्ट घसरू नयेत म्हणून त्यातून किमान किती करंट राखायला हवा?