प्रतिसाद: आधी शाळेचं रजिस्टर बघा

"दहावीच्या सर्टिफिकेटवर Vaishanavi, 1 जून. पासपोर्ट आणि जन्मदाखल्यावर Vaishnavi, 12 जून. आधी काय दुरुस्त करू?"

ताई, पासपोर्टला हात लावू नका. तो जन्मदाखल्याशी जुळतोय, तेच तुमचं बळ आहे. चूक नेमकी कुठे शिरली ते आधी शोधा.

हायस्कूलच्या जनरल रजिस्टरमधली तुमची नोंद बघा आणि प्राथमिक शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. प्राथमिकला 12 जून असेल आणि हायस्कूलला उतरवताना 1 झाला असेल, तर ती लेखनातली चूक ठरते आणि दुरुस्तीला वाव राहतो. पण पहिल्या प्रवेशालाच 1 जून लिहिला असेल, तर शाळा सोडल्यावर तारीख बदलणं फार अवघड जातं. आपल्याकडे पूर्वी सर्रास 1 जून हीच जन्मतारीख लिहायचे.

प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाच्या विभागीय कार्यालयात जातो. दहावीचं सर्टिफिकेट सुधारून आलं की मग बारावी आणि विद्यापीठ. राजपत्रात नाव छापून आणलं तरी जुनं सर्टिफिकेट आपोआप बदलत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

तोवर आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल, तर तिचा फॉर्म पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच भरा, कारण परीक्षेला ओळखपत्र म्हणून तोच दाखवायचा असतो.